बाजूच्या टेबलवरचा माणूस खचत चाललाय असं दिसतंय, तर त्याच्याशी बोलायचं कसं आणि थांबायचं कुठे

प्रश्न: मी हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. बाजूच्या टेबलवरचे भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, मस्त गप्पिष्ट माणूस. दीड महिन्यापासून डबा उघडत नाहीत, बिलाच्या एण्ट्र्या चुकतात, सुट्टी झाल्यावर पार्किंगमध्ये गाडीवर नुसते बसून राहतात. परवा सहज बोलता बोलता म्हणाले, "मी नसलो तरी कोणाचं काही अडत नाही." मला भीती वाटून राहिली. पण मी बाई, ते माणूस, ऑफिस छोटं, लोक बोलतात. एचआरला सांगू का? त्यांच्या मिसेसला फोन करू का? की गप्प बसू?

उत्तर:

ताई, गप्प बसू नका, आणि एचआरलाही अजून सांगू नका. आधी त्यांच्याशी बोला, एकदा, नीट, आणि या आठवड्यातच. बाकी सगळं त्या बोलण्यात काय निघतं त्यावर ठरेल, म्हणून मी जास्त त्या बोलण्याबद्दलच लिहितो. मी नागपुरात बरीच वर्षं मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम केलं, आता समुपदेशन करतो, आणि पेशंटसोबत ऑफिसातलं कोणी आलं असेल तर त्या माणसाशी मी वेगळा बसून बोलतोच, कारण कितीदा तरी घरच्यांच्या आधी यांनाच कळलेलं असतं. दिवसाचे आठ-नऊ तास बाजूला बसता तुम्ही. घरी माणूस "थकलो" म्हणून दार लावून घेतो, ऑफिसात तसं दार नसते.

तुम्ही जे लिहिलं त्यात मला डबा, एण्ट्र्या, पार्किंग हे तिन्ही महत्त्वाचे वाटले, पण वेगवेगळे नाही, एकत्र, आणि दीड महिना चाललेत म्हणून. एखादा आठवडा कोणाचाही वाईट जातो, घरी भांडण होतं, पोराचे मार्क येतात, मार्च एंडिंगला तर अर्धं ऑफिस जेवत नाही. आम्ही लोक दोन आठवडे धरतो. दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास किंवा आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, आणि त्यासोबत झोप, भूक, लक्ष लागणं, अंगातली ताकद यातल्या काही गोष्टी बिघडल्या की मग तो नुसता मूड राहत नाही. आणि तुलना दुसऱ्या कोणाशी करायची नाही, त्याच माणसाच्या आधीच्या स्वभावाशी करायची. गप्पिष्ट माणूस गप्प झाला ही बातमी आहे, मुळातच अबोल माणूस अबोल आहे ही बातमी नाही.

पण डिप्रेशन आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. हे मी जोर देऊन सांगतो, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच वाहवतात. नेटवर वाचतात, लक्षणं जुळवतात आणि मग समोरच्याला जाऊन सांगतात की तुम्हाला डिप्रेशन आहे. त्याचं थायरॉईड बिघडलेलं असू शकतं, बी-12 कमी असू शकतं, दारू वाढली असेल, सावकाराचं देणं असेल, बायको माहेरी गेली असेल, मोबाईलवरच्या गेममध्ये पैसे गेले असतील. यातलं काहीही असलं तरी तुमचं काम तेच राहतं: जे दिसलं ते त्यांना सांगणं, विचारणं, आणि योग्य माणसापर्यंत पोचायला सोबत करणं. कारण शोधणं तुमचं काम नाही, आणि ते शोधायला लागलात की समोरचा बंद होतो.

बोलायच्या आधी एक करा. तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या तीन गोष्टी ठरवून ठेवा. डबा उघडत नाहीत, हे पाहिलं. घरी काही तरी सुरू आहे, हे पाहिलेलं नाही, तो तुमचा अंदाज. बोलताना फक्त पाहिलेलं बोलायचं. आणि त्याची खातरी करायला ऑफिसात दुसऱ्या कोणाला विचारू नका, "तुलाही वाटते का गं, यांना काही झालं आहे?" हे वाक्य लंचपर्यंत स्टोअरमध्ये पोचलेलं असते आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर. मग तुम्ही कितीही प्रेमानं विचारलं तरी त्यांना ती चौकशीच वाटणार.

वेळ निवडताना लोक एक गोष्ट विसरतात. शनिवारी संध्याकाळी हा विषय काढू नका. बोलण्यातून काही गंभीर निघालं तर मध्ये रविवार येतो, ओपीडी बंद, तुम्ही घरी, ते घरी, आणि दोघंही घाबरलेले. सोमवार-मंगळवार बरा, दुपारच्या चहाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी उघडी असते आणि तुम्ही परत भेटणार असता. जागा कॅबिन नको, कॅबिनचं दार बंद झालं की बाहेर गोष्टी सुरू होतात आणि आत बसलेल्याला बोलावून घेतल्यासारखं वाटतं. कॅन्टीनमध्ये लोक येऊन बसतात. गेटबाहेरच्या टपरीपर्यंत सोबत चालत जा, चालताना बोला. समोरासमोर बसून डोळ्यात बघून हा विषय बोलणं आपल्याकडच्या पुरुषांना फार जड जातं, बाजूबाजूला चालताना तोंडातून शब्द निघतो. तुमची ती लोक काय म्हणतील ही काळजी पण यातच सुटते, उघड्या रस्त्यावर दिवसा दोन सहकारी चहाला चालले, यात बोलण्यासारखं काही नाही. रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर "भाऊ ठीक आहात ना" हे मात्र टाळा, ते त्यांच्या घरी वेगळं वाचलं जाईल आणि मदतीचा रस्ताच बंद होईल.

आता शब्द. मी सांगतो ते पाठ करू नका, पण बांधणी बघा. "भाऊ, एक बोलायचं होतं. महिना-दीड महिन्यापासून पाहून राहिली मी, तुम्ही डबा उघडतच नाही, सुट्टी झाल्यावर पार्किंगमध्ये बसून राहता, पहिल्यासारखं बोलत नाही. परवा तुम्ही म्हटलं ना की मी नसलो तरी काही अडत नाही, ते माझ्या डोक्यातून जातच नाही. कसं चाललं आहे तुमचं?" एवढंच. मग गप्प. खरंच गप्प. ती शांतता दहा-पंधरा सेकंदांची असते पण फार लांब वाटते, आणि आपण ती भरायला जातो, "नाही म्हणजे होईल सगळं ठीक, टेन्शन नका घेऊ", आणि जे येणार होतं ते परत आत जातं.

बहुतेक पहिलं उत्तर येईल "काही नाही, झोप होऊन नाही राहिली". हे उत्तर टाळाटाळ समजू नका, हे उघडलेलं दार आहे. झोपेबद्दल कोणालाही बोलता येतं, त्यात लाज नाही. "कधीपासून? रात्री लागतच नाही की पहाटे उघडते?" एवढं विचारा. पहाटे तीन-चारला जाग येते, मग झोप नाही, सकाळी सगळ्यात जास्त उदास आणि दुपारनंतर थोडं बरं, असं सांगितलं तर आम्ही ते गंभीरपणे घेतो. तुम्हाला त्याचा अर्थ लावायचा नाही, फक्त लक्षात ठेवा, डॉक्टरांसमोर त्यांना आठवलं नाही तर तुम्ही आठवण देऊ शकता.

काय बोलायचं नाही ते पण सांगतो, कारण ही वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत. "तुम्हाला काय कमी आहे, घर आहे, नोकरी आहे." ज्याला आधीच वाटतं की आपण नालायक आहोत, त्याला हे ऐकून वाटतं की खरंच, सगळं असून मी असा, म्हणजे दोष माझाच. "पॉझिटिव्ह विचार करा", "मन कुठेतरी गुंतवा", हेही तसंच, गुंतवता येत नाही हाच तर आजार आहे. आणि स्वतःच्या भासऱ्याची, मावसभावाची स्टोरी सांगू नका की त्याला पण असंच झालं होतं आणि तो मॉर्निंग वॉकने बरा झाला.

ते म्हणाले "काही नाही हो, तुम्ही उगाच", तर ओढू नका. "बरं. मी परत विचारीन हं पुढच्या आठवड्यात, राग नका मानू" म्हणा आणि खरंच परत विचारा. माझा अनुभव असा की पहिल्या खेपेला नाही म्हणणारे पुष्कळ, आणि दुसऱ्या खेपेला बोलणारेही पुष्कळ, कारण मधल्या आठवड्यात त्यांनी पाहिलेलं असतं की तुम्ही कुठे बोभाटा केला नाही.

पण तुमच्या बाबतीत एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा आहे, ते "मी नसलो तरी" म्हणून गेले म्हणून. जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. मला माहीत आहे हे लिहिलेलं वाचूनच पोटात गोळा येतो. लोकांना वाटतं विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घुसेल. तसं होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे आणि विचारल्याने धोका वाढतो असं दिसलेलं नाही, उलट ज्याच्या डोक्यात हे महिनाभर एकट्यानं फिरत असतं त्याला कोणीतरी न घाबरता नाव घेतलं याचं हलकं वाटतं. पण विचारायची पद्धत महत्त्वाची. "तसलं काही वेडंवाकडं तर करणार नाही ना तुम्ही?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे, "छे हो". तुम्ही नाही ऐकायला विचारलं, तो नाही म्हणतो. त्याऐवजी, "भाऊ, इतकं जड झालं की कधी कधी माणसाला जगावंसंच वाटत नाही. तुम्हाला तसं होते का? जीव द्यायचा विचार येतो का?"

आणि हे विचारायच्या आधी एक वाक्य टाका, हे फार लोक विसरतात: "तुम्ही जे सांगाल ते माझ्याजवळच राहील. फक्त तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी एकटी गप्प नाही बसणार, घरच्यांना सांगीन." आधीच सांगितलं तर नंतर तो विश्वासघात होत नाही. "कोणालाच सांगणार नाही, शप्पथ" असं वचन देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत, रात्रभर झोपत नाहीत बिचारी, बोलावं तर शब्द मोडतो, न बोलावं तर माणूस जातो.

उत्तर तीन तऱ्हेचं येऊ शकतं. एक, नाही, तसं नाही, फक्त वैताग आला आहे. ठीक, मग घाई नाही, पण डॉक्टरकडे न्यायचं आहेच. दुसरं, "येतो कधी कधी, वाटतं सकाळी उठूच नये, पण पोरांकडे पाहून थांबतो." यात विचार आहे पण ठरवलेलं काही नाही. इथे दोन-तीन दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं आणि घरच्या एका तरी माणसाला माहीत हवं. त्यांच्या मिसेसला फोन करण्याचं तुम्ही विचारलं ते इथे येतं: त्यांना न विचारता करू नका. "वहिनींना माहीत आहे का? नसेल तर तुम्ही सांगाल की मी तुमच्यासमोर फोन लावू?" असं विचारा. बायकोला सांगायचं नसेल तर भाऊ, साळा, कोणी तरी, माणूस त्यांनी निवडायचा. एका अनोळखी बाईचा फोन थेट मिसेसला गेला की घरात मूळ विषय बाजूला राहतो आणि ही कोण, हाच विषय सुरू होतो.

तिसरं उत्तर म्हणजे कसं करायचं, कधी करायचं हे ठरलेलं आहे किंवा साधन जवळ आहे. किंवा ते बोलत काहीच नाहीत पण तुम्हाला दिसतं की अचानक फार शांत झाले, छोटी छोटी उधारी चुकती करून राहिले, पासवर्ड आणि फाईली तुम्हाला समजावून देऊन राहिले, काहीच कारण नसताना. इथे परवानगीचा विषय संपला. त्यांना एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेले तरी कोणी तरी बाहेर. घरच्यांना फोन करायचा, त्यांची इच्छा असो नसो, त्यांच्यासमोर करायचा. साधन कुठे आहे ते विचारून घरच्यांना ते हलवायला सांगायचं. आणि मेडिकल नाही तर मेयो या नागपुरातल्या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ पडेल तिथल्या कॅज्युअल्टीला, ती चोवीस तास सुरू असते, गाडी नसेल तर 108, हाताबाहेर जात असेल तर 112. इथे मॅनेजरलाही सांगा, पण इतकंच की इमर्जन्सी आहे, मी यांना घेऊन जाते. काही लोक पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हे स्पष्ट केलं आहे की ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनं उपचार द्यायचे. त्या भीतीपायी एक तासही घालवू नका.

आता एचआर आणि साहेब. इथे एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात डिस्पॅचला एक जण होता, वय चाळीसच्या आसपास, आई गेली आणि त्यानंतर तो खचत गेला. त्याच्या मित्रानं, अगदी जिवाभावाच्या मित्रानं, काळजीपोटी सुपरवायझरला सांगितलं की याला डिप्रेशन आलंय, याच्यावर लोड नका देऊ. सुपरवायझर पण वाईट नव्हता, त्यानं याला डिस्पॅचवरून काढून आत रेकॉर्ड रूमला बसवलं, आराम व्हावा म्हणून. आता बघा काय झालं. डिस्पॅचला दिवसभर ड्रायव्हर येतात, बोलतात, शिव्या देतात, हसतात, आणि गाड्या वेळेवर काढणं यात त्याचा हात कोणी धरत नव्हता. दिवसातला तेवढाच एक भाग होता जिथे त्याला आपण कामाचे आहोत असं वाटायचं, तोच गेला. रेकॉर्ड रूममध्ये एकटा, फायली आणि स्वतःचे विचार. वर सगळ्या शिफ्टला कारण कळलं. पंधरा दिवसांत त्यानं येणंच बंद केलं. माझ्याकडे त्याची बहीण घेऊन आली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य आईबद्दल नव्हतं, "मला पागल ठरवून कोपऱ्यात बसवलं" हे होतं. सुधारायला त्यानंतर बरेच महिने लागले, त्यातले निदान पहिले दोन फक्त ऑफिसला परत जायची लाज घालवण्यात गेले.

तिथे काय करता आलं असतं? तेच, जे तुम्ही करू शकता: त्याला विचारायचं की काम कमी केलं तर बरं वाटेल की वाईट, आणि कुठलं काम. हे प्रत्येकाचं वेगळं असतं. तुमच्या भाऊंना कदाचित एण्ट्र्यांची भीती बसली असेल पण पार्टीशी फोनवर बोलणं अजून जमत असेल. मग साहेबांना काय सांगायचं ते त्यांनीच सांगावं, तुम्ही सोबत बसा हवं तर, आणि तेवढंच सांगावं जेवढं कामाला लागतं: "तब्येत बरी नाही, उपचार सुरू करतोय, महिनाभर मंगळवारी सकाळी दवाखाना आहे, आणि जीएसटीचं फायलिंग करायच्या आधी कोणीतरी एकदा चेक करावं." आजाराचं नाव सांगायची गरज नाही. रजेसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं की हे ऑफिसात देणार आहे, ते त्या हिशोबानं लिहितात.

कामात मदत करायची तर उघड करा आणि मुदत घालून करा. "भाऊ, या महिन्याच्या एण्ट्र्या मी शेवटी एकदा बघून घेत जाईन, चालेल?" हे ठीक. पण त्यांच्या चुका त्यांना न सांगता रोज रात्री बसून तुम्ही सुधारत राहिलात तर दोन गोष्टी होतात. त्यांना कधी कळलं तर आपण आता साध्या एण्ट्रीच्याही लायकीचे राहिलो नाही असं वाटतं. आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, म्हणून रजा घ्यायची, दवाखान्यात जायची निकड कोणालाच वाटत नाही, दोन महिन्यांनी ऑडिटला काही तरी निघतं आणि मग एकदम मोठा दणका बसतो, तोही सगळ्यात वाईट वेळेला.

न्यायचं कुठे. फॅमिली डॉक्टरवर विश्वास असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही, रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-12 होऊन जातात आणि "झोपेसाठी दाखवायला चाललो" म्हणून जाता येतं. पण मरणाचे विचार असतील तर थेट मानसोपचारतज्ज्ञ. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, ओपीडी सकाळची असते, केस पेपर काढायला वेळ लागतो म्हणून लवकर जा. कोराडी रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे, तिथे रोज कितीतरी नोकरीवाली माणसं दाखवून परत ऑफिसला जातात, पण लोक अजून त्याला पागलखाना म्हणतात आणि पहिल्यांदा जाणारा त्या फाटकापाशीच बिचकतो, त्यामुळे पहिल्या खेपेला मी साध्या मोठ्या दवाखान्यातला विभागच सुचवतो. खासगीत जायची ऐपत असेल तर धंतोली-रामदासपेठेत चिकार डॉक्टर आहेत, अपॉइंटमेंट संध्याकाळची मिळते, रजा लागत नाही.

आणि टेलिमानस. 2022 पासून सरकारची ही फोनसेवा आहे, नंबर 14416, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. लोकांना वाटतं हे फक्त ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी. तसं नाही, तुम्ही स्वतः फोन करून सांगू शकता की माझ्या सहकाऱ्याचं असं असं आहे, मी काय करू, नाव न सांगता. भाऊंशी बोलायच्या आधी हात थरथरत असतील तर आदल्या दिवशी हा फोन करून टाका. त्यांच्याही मोबाईलमध्ये तो नंबर सेव्ह करून द्या, चिठ्ठीवर देऊ नका, चिठ्ठी खिशातून घरी सापडते.

सोबत जायची तयारी असेल तर पहिल्या खेपेला सोबत जा, किंवा ऑफिसातला त्यांना चालणारा एखादा पुरुष सहकारी त्यांना विचारून सोबत द्या. "डॉक्टरला दाखवा" या सल्ल्यावर माणूस महिना काढतो, कारण या आजारात फोन करून नंबर लावणं हेच डोंगराएवढं होतं. "बुधवारी नऊला मेडिकलच्या गेटवर भेटू, मी हाफ डे टाकला आहे" यावर माणूस येतो. आत मात्र त्यांनी बोलावलं तरच जा. बाहेर बाकावर बसा. बाहेर आल्यावर "काय म्हणाले डॉक्टर?" हे विचारू नका, "चहा घेऊ का?" विचारा, सांगायचं असेल तर सांगतील.

गोळ्या सुरू झाल्या तर एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, नीट फरक कधी सहा आठवड्यांनी, पण मळमळ, डोकं जड, बेचैनी हा त्रास पहिल्या आठवड्यातच होतो. म्हणजे आधी त्रास, मग फायदा. म्हणूनच दहाव्या दिवशी माणूस म्हणतो "काही फायदा होऊन नाही राहिला, उलट जास्त होते, बंद केल्या". तुम्ही औषधावर मत देऊ नका, फक्त "डॉक्टरांना एक फोन करून मग ठरवा" एवढं म्हणा. आणि या पहिल्या काही आठवड्यांत कधी कधी अंगातली ताकद आधी परत येते आणि मनाची उदासी मागून जाते, त्या मधल्या काळात विचार असलेल्या माणसाकडे जास्त लक्ष लागतं. चेहरा जरा बरा दिसला म्हणून सगळ्यांनी एकदम निश्चिंत होऊ नये, घरच्यांना डॉक्टर हे सांगतातच, पण तुम्हीही लक्षात ठेवा. बेचैनी फार वाढली, मरणाचे विचार जास्त यायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

तुमचं काय. तुम्ही बाजूच्या टेबलवरच्या सहकारी आहात, समुपदेशक नाही, बहीण नाही. आधीच ठरवा आणि प्रेमानं सांगून टाका: "ऑफिसच्या वेळेत कधीही बोला भाऊ. रात्री दहानंतर माझा फोन पोरांपाशी असतो, तेव्हा वहिनींना उठवा नाही तर 14416 लावा." हे कठोर वाटतं, पण ज्याला माहीत आहे की कोण कधी उपलब्ध आहे त्याला त्याचा आधार होतो. रात्री दोनला एकदा उचलला आणि पुढच्या वेळी नाही उचलला, हे जास्त लागतं. पैसे मागितले तर देणं टाळा, तो घरच्यांसोबत बसून सोडवायचा प्रश्न आहे, आणि उसने दिले की तुमच्यात सावकाराचं नातं येतं, मग ते तुम्हाला चुकवायला लागतात. आणि तुमचीच झोप उडाली, घरी चिडचिड व्हायला लागली, तर ते नैसर्गिक आहे, तुमच्या मिस्टरांना किंवा मैत्रिणीला त्यांचं नाव न सांगता तुमच्यापुरतं मोकळं बोला.

समजा रजेवर गेले आणि तीन-चार आठवड्यांनी परत आले. पहिल्या दिवशी सगळ्या ऑफिसनं उठून "आता कसं वाटते, बरे झाले ना?" करू नये. तुम्ही टेबलवर कामाचं काय काय झालं ते सांगा, कुठली पार्टी भांडली, कुठलं बिल अडकलं, आणि जेवायच्या सुट्टीत "भाऊ, चला डबा खाऊ" म्हणा, नेहमीसारखं. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली तरी टोकू नका. तब्येतीची चौकशी आठवड्यातून एकदा, दोघंच असताना पुरे. आणि त्यांच्या गोळ्या त्यानंतरही बरेच महिने चालतील, बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने तरी पुढे द्यायची पद्धत आहे, नाही तर आजार उलटतो. ऑफिसात कोणी तरी नक्की म्हणेल, "आता तर चांगले दिसता, अजून गोळ्या काहून खाता, सवय लागेल". तेव्हा तुम्ही बाजूलाच असाल. "डॉक्टरांनी सांगितलं तेवढ्या घेतील ते" एवढं म्हणा आणि विषय बदलून टाका.